कोरड्या साबुदाण्याच्या दोन वाट्या

शेजारच्या घरात कपबशी फुटली तरी माझं मन आधी मलाच विचारतं, तुझं तर काही चुकलं नाही ना? अशी मी बाई. लग्न होऊन आमगावच्या या घरात आले, मुलं मोठी झाली, केसांना मेंदी लागायला लागली, पण ही सवय काही गेली नाही. चुकलेलं पोटात ठेवायचं, न चुकलेलंही पोटात ठेवायचं. सांगायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटते. त्यामुळं घरात सगळे मला गरीब गाय समजतात. ही गाय किती गरीब आहे ते आता सांगूनच टाकते. हसूही येतंय आणि घामही फुटतोय.

आमची शेती धानाची. शेतीच्या जोडीला स्टेशनच्या रस्त्यावर नाश्त्याचं छोटं दुकान आहे, ते आम्ही दोघी जावा चालवतो. मोठी जाऊ कढईवर आणि मी मागच्या कामाला. आलू उकडणं, मिरच्या चिरणं, पीठ भिजवणं, भांडी घासणं हे माझं. माझ्या या कामाला कुणी नावं ठेवत नाही आणि कुणी नावही घेत नाही, मला ते बरं वाटतं. जावेला मी बाई म्हणते. ती माझ्या उलट. रस्त्याच्या या टोकाला बोलली की त्या टोकाला ऐकू जातं.

वर्षभर आम्ही आलूबोंडे आणि भजी तळतो, पण बाईचं खरं नाव झालं ते महाशिवरात्रीला. आमच्या भागात एका पहाडीवर महादेव आहे, तिथं त्या दिवशी यात्रा भरते. पायथ्याशी दुकानं लागतात आणि आमचं दुकान दरवर्षी एकाच बोराच्या झाडाखाली असतं. त्या दिवशी फक्त साबुदाण्याचे वडे. भजीची कढई घरीच राहते. उपासाची कढई वेगळी, ती माळ्यावरून उतरते, चिंच लावून लखलखीत होते, आणि तिच्यात कोरं फल्लीतेल, म्हणजे शेंगदाण्याचं तेल, पडतं. उपाशी पोटानं पहाडी चढून उतरलेली माणसं लांबूनच विचारतात, "झारेवाली बाई आली का यंदा?" बाई तेव्हा वर बघत नाही. पण तिचा झारा कढईच्या काठावर दोनदा टणटण वाजतो. तेच तिचं उत्तर.

हा झारा आधी सासूचा होता. सासूला आम्ही माय म्हणतो. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि एका शिवरात्रीला तिनं वड्याऐवजी गोळा करून ठेवलेला फडक्याचा बोळा तेलात सोडला, तेव्हा झारा नाइलाजानं बाईकडं आला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता तिला लांबचं छान दिसतं. झारा मात्र परत मिळाला नाही. ती दुकानात खाटेवर बसते, दह्याची चटणी वाढते, आणि दरवर्षी गिऱ्हाइकांदेखत एक वाक्य न चुकता बोलते.

"तळणारीनं उपास मोडला असंन तं वडा तेलात फुटते. महादेव दाखवून देते."

बाईच्या हातचा वडा कधी फुटला नाही. त्यामुळं ते वाक्य माय दरवर्षी नुसतं हवेत सोडायची आणि ते तसंच विरून जायचं.

मागच्या शिवरात्रीच्या आदल्या दिवशी बाई माहेरी गेली होती, बोदलकशाकडं. तिच्या भावाच्या घरी काहीतरी कार्यक्रम होता. साबुदाणा भिजवायचं काम दरवर्षी तिचं. जाताना ती मला सांगून गेली, "दोनदा धुवजो. मंग पानी इतकंच ठेवजो का साबुदाणा नुसता बुडला पाहिजे. वर पानी दिसलं का गेलं काम. अन् परातीत भिजवजो, पसरून."

मला हे सगळं ठाऊक होतं. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहून ते बघत आले होते. पण त्या संध्याकाळी पाहुणे आले, त्यांच्यासाठी भात टाकला, आणि त्याच हातानं मी साबुदाणा धुवायला घेतला. परातीत फल्लीदाणे भाजून गार करायला ठेवले होते, म्हणून साबुदाणा घेतला मोठ्या गंजात. उंच, खोल गंज, ज्यात आम्ही लग्नाकार्यात भात शिजवतो. साबुदाण्यावर बोट उभं धरलं आणि पाणी ओतलं एक पेरभर वर. भाताचं माप! आमच्या भागात मुलीला अक्षर ओळखता येण्याआधी हे पेराचं माप येतं. हात आपोआप चालला. झाकण ठेवलं, वर पाटा ठेवला आणि मी निवांत झोपले.

सकाळी झाकण काढलं तर वरचे दाणे मोत्यासारखे. मी खुश. मग हात खाली घातला. मनगटापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. खाली खीर होती. पाणी सगळं तळाशी जिरलेलं, वरच्या दाण्यांचं वजन त्यावर पडलेलं, आणि खालच्या अर्ध्या साबुदाण्याचा असा लगदा झालेला की त्यानं पतंग चिकटवावेत. हा लगदा वड्यात गेला तर वडा तेल पिणार. ओलं जास्त झालं की वड्याला कडक पापुद्रा लवकर धरत नाही, आणि तोवर तो तेलात पडून तेल ओढत राहतो. हे मला कळत होतं. 

बाहेर पिकअपवाला हॉर्न वाजवून राहिला होता. बाई पहाटेच्या गाडीनं नुकतीच घरी आली होती आणि आत आंघोळ करून साडी बदलत होती. आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर, सिलिंडर आणि भट्टी चढवत होते. माय अंगणात उभी राहून मांजराला शिव्या देत होती.

"रातचा भात झाकून ठेवला होता वो मी गाईसाठी. अर्धं पातेलं खाल्लं मेल्यानं! झाकण काढून खाल्ला! आता मांजरं झाकण काढून राहिले!"

मांजर कुंपणावर बसून अंग चाटत होतं.

आता माझं पाप. पीठ सैल झालं तर आपण काय करतो? कोरडं पीठ घालतो. मी तेच केलं. डब्यातला कोरडा साबुदाणा दोन वाट्या काढला आणि त्या लगद्यात कालवला. म्हटलं, हा कोरडा दाणा जादाचं पाणी शोषून घेईल आणि तोही भिजेल, दोघांचंही भलं होईल. बाई बाहेर यायच्या आत त्यात उकडलेले आलू किसले, दाण्याचा कूट घातला, जिरं, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, सैंधव मीठ, आणि सगळं कालवून टाकलं. एकदा आलू आणि कूट पडला की आत कोण भिजलंय आणि कोण कोरडं आहे हे कुणालाच दिसत नाही. गोळा हाताला छान घट्ट लागला. मी स्वतःच्या अकलेवर खुश झाले. देवाशपथ, पिकअपमध्ये बसताना मी गुणगुणत होते.

बाई मात्र गाडीत गप्प होती. मला वाटलं, माहेरून आली आहे, थकली असेल.

बोराच्या झाडाखाली भट्टी लागली. कढई चढली. बाईनं तेल तापू दिलं आणि गोळ्यातला बोरभर तुकडा तेलात सोडला. तिची परीक्षा नेहमी हीच. तुकडा तळाशी बसून राहिला तर तेल थंड. टाकल्याबरोबर उसळून वर आला आणि लगेच लाल झाला तर जास्त गरम. बुडून, जरा थांबून, बुडबुडे सोडत वर आला की तेल तयार. तुकडा तसाच वर आला. बाईनं वडे थापले, कडा बोटानं गुळगुळीत केल्या, भेग एकही ठेवली नाही, आणि घाणा सोडला. पहाडीवरून पहिली माणसं उतरून येतच होती.

थोडा वेळ सगळं ठीक होतं. वडे वर आले, कडेनं रंग धरायला लागला. मग आवाज आला.

फट्!

एक वडा मधून उघडला आणि त्यातून एक पांढरा दाणा उडून थेट आमच्या ह्यांच्या शर्टावर. हे भट्टीच्या बटणापाशी उभे होते, जागच्या जागी नाचले. फट्! दुसरा. फट् फट्! बाई मागं सरकली, पुढं उभे असलेले सगळे मागं सरकले, आणि माय खाटेवरून ओरडली, "कोण फटाके फोडून राहिलं वो?"

"आच कमी करा!" बाई ह्यांना म्हणाली. "तेल जास्त तापलं. वरचा पापुद्रा पहिले कडक होते, वाफ आत कोंडते, मंग फुटनारच!"

तिचं म्हणणं खरं होतं, तसं होतंच. ह्यांनी बटण फिरवलं. दुसरा घाणा पडला. आता आवाज नाही. वडे तेलात उशीवर डोकं ठेवल्यासारखे निवांत पडून राहिले. फार निवांत. लाल व्हायला वेळ लागला, आणि बाहेर काढून कागदावर ठेवले तर कागद आरपार दिसायला लागला. तरी पहिल्या गिऱ्हाइकाला दिले. बिरसीकडचे एक काका होते, पांढरं धोतर नेसलेले, उपाशी, वरून पाय दुखत असलेले. त्यांनी वडा बोटांत दाबला. तेल मनगटावरून कोपरापर्यंत वाहत गेलं.

"बाई, हा वडा होय का दिवा?" ते म्हणाले. "वात आनून द्या. वर महादेवापाशी लावून येतो."

सगळे हसले. बाईही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी खाली बसून मिरच्या चिरत होते. चिरायला एकही मिरची शिल्लक नव्हती, तरी चिरत होते.

"आच वाढवा."

फट्! फट्!

"अहो, इतकी नाही!"

"इतकीच तर सांगितली वहिनी!"

"मंग कमी करा!"

"कमी केली तं दिवा होते, वाढवली तं बॉम्ब होते, मी करू तं काय करू?" ह्यांनी कपाळाला हात लावला. मग शेजारच्या भांड्यांच्या दुकानातून ते एक मोठी परात घेऊन आले आणि ढालीसारखी छातीपुढं धरून, एक हात बाजूनं काढून बटण फिरवायला लागले. मायनं खाटेखालून सूप काढलं आणि तोंडापुढं धरलं. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, डोळे जपायला हवेत, हे खरं. पण सुपाआडून ती बोलतच होती.

तोवर आमच्यापुढं गर्दी जमली. खाणारी नव्हे, बघणारी. दोन पोरींनी मोबाइल काढले. "आंटी, एक और डालो ना, फूटनेवाला!" कुणीतरी आकडा लावल्यासारखं म्हणत होतं, "हा फुटनार... हा नाही... अरे बाप्पा, फुटला!" दर फट्ला टाळ्या. शेजारचा खेळण्यांचा दुकानदार स्वतःची पिपाणी वाजवायला लागला. पहाडीवर घंटा, खाली पिपाणी आणि मध्ये आमचे वडे. मला आतून भयंकर हसू येत होतं. त्या हसण्याची मला इतकी भीती वाटली की मी पदराचा बोळा तोंडात धरला. लोकांना वाटलं, बिचारी रडून राहिली.

खरं सांगायचं तर तेव्हाच मला सगळं समजलं होतं. परातीत पडलेला एक उडालेला दाणा मी उचलून दाबला होता. बाहेरून फुगलेला, काचेसारखा, आणि मधोमध बारीक पांढरा ठिपका. नखाला टणक लागला. माझा कोरडा साबुदाणा! बाहेरून ओला झालेला, आतून तसाच. कच्चा गाभा तेलात तापतो, त्याच्या भोवतीच्या पाण्याची वाफ होते, वाफेला वाट मिळत नाही, आणि दाणाच उडतो. आणि ज्या वड्यांत लगदा जास्त, ते तेल पितात. एकाच परातीत दोन्ही रोग, आणि आच कितीही वरखाली केली तरी एकावरचं औषध दुसऱ्याला विष.

हे सांगायला किती शब्द लागतात? चार. मी दाणा मुठीत दाबून बसून राहिले.

आणि मग मायनं सूप खाली ठेवलं.

"मी म्हणत होती ना?" तिचा आवाज बारीक पण गर्दीच्या वरून जाणारा. "तळणारीनं उपास मोडला का वडा फुटते. खरं सांग वो मोठे. काय खाल्लं?"

 पिपाणी थांबली.

बाईचा चेहरा मी जन्मात तसा पाहिला नव्हता. जी बाई पोलिसाला "आधी पुडीचे पैसे द्या" म्हणते, तिची नजर कढईवरून हलेना. ती झाऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"मी... कायले खाईन?" ती म्हणाली. आवाजच नव्हता त्यात.

"मंग दे तो झारा इकडं." माय खाटेवरून उठली. "मले दे. माह्या हातचा फुटते का पाहू. दे म्हणलं ना! काऊन धरून ठेवून राहिली?"

मायनं दांड्याला हात घातला. बाईनं सोडला नाही, पण ओढलाही नाही. मला दिसलं, आणखी एका श्वासात ती सोडणार. आणि या माणसांदेखत, या झाडाखाली, या आरोपासकट झारा गेला तर ती पुढच्या शिवरात्रीला घराबाहेरही पडणार नाही. मी तिला ओळखते. वर्षभर भजी तळेल, पण मान खाली घालून.

मी उठले. पदर तोंडातून काढायचा राहिला होता, म्हणून पहिलं वाक्य कुणालाच कळलं नाही. पदर काढून पुन्हा म्हणाले.

"माय, बाईचं नाही. माझं. मी कोरडा साबुदाणा टाकला."

"काय टाकला?"

"कोरडा. सकाळी. दोन वाट्या. भिजवताना भातासारखं पाणी ओतलं, पेरभर, गंजात. खाली लगदा झाला. तो आवरायला कोरडा टाकला. कुणाला सांगितलं नाही." मी मूठ उघडली. "हे पाहा. मधात पांढरं आहे."

एवढं सलग मी त्या घरात कधी बोलले नव्हते. हे परातीमागून डोकं काढून माझ्याकडं बघत राहिले, जसं कुंपणावरचं मांजर बोलायला लागावं.

बाईनं दाणा माझ्या तळहातावरून उचलला, दोन बोटांत दाबला, डोळ्यांजवळ नेला. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. आता शिव्या पडणार म्हणून मी डोळे मिटले.

पण शिव्यांऐवजी विचित्र आवाज आला, सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा. डोळे उघडले तर बाई कढईच्या बाजूला उकिडवी बसली होती आणि खांदे गदगदा हलत होते. मी तिच्याजवळ बसले. तिनं माझा दंड पकडला, तोंड माझ्या कानाशी आणलं, आणि हसण्याच्या उचक्यांमधून कशीबशी बोलली.

"मी... मी भात खाल्ला वं."

"कधी?"

"सकाळी. गाडीतून उतरली, डोकं इतकं दुखत होतं... गाईचा भात. उभ्याउभ्या. लोनच्यासंगं." पुन्हा उचकी. "मले वाटलं, महादेव खरंच दाखवून राहिला. पहिला फट् वाजला तशी मी म्हणलं, गेली मी. दुसरा वाजला, म्हणलं, माफ कर देवा. तिसऱ्याले मी नवस बोलली! अन् तू... तू कोरडा..."

मग मलाही आवरेना. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. दोघी जावा कढईच्या आडोशाला जमिनीवर बसून एकमेकींच्या खांद्यावर डोकं आपटत हसत होतो. पोटात दुखायला लागलं. बाई म्हणाली, "नको वं, नको," आणि परत फुटली. अगदी आमच्या वड्यासारखी. आमच्या ह्यांनी वरून विचारलं, "डाक्टर बोलावू का?" त्यावर आणखी. बिरसीचे काका कुणाला तरी सांगत होते, "तेल डोक्यात गेलं असंन."

मायच्या हातात झारा नव्हता आणि तिचा प्रश्नही वाऱ्यावर होता. "मंग उपास?" ती विचारत होती. "उपासाचं काय?"

"उपास पक्का आहे, माय," मी म्हणाले. बाईकडं न बघता. खोटं बोलले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला काही म्हणजे काही वाटलं नाही.

बाई उठली. पदरानं डोळे पुसले, कमरेला खोचला, आणि तिचा आवाज रस्त्याच्या त्या टोकापर्यंत गेला.

"चला, तमाशा खतम! वडे होतीन, पन टाइम लागन. दर्शन झालं नसंन त्यायनं करून या. झालं असंन त्यायनं आलूच्या काचऱ्या खा!"

मग तिनं जे केलं ते मी या वेळी नीट पाहिलं. दरवर्षी नुसती बघायची, या वेळी शिकायला बघितलं. आधी झाऱ्यानं तेलातला सगळा चुरा काढला, नाहीतर तो जळून नव्या वड्यांना चिकटतो. भट्टी बारीक करून त्याच तेलात आलूचे काप तळले, मीठ-मिरपूड लावून लोकांपुढं ठेवले. भुकेल्यांची तोंडं बंद झाली. इकडं सगळा गोळा दोन परातींत पातळ पसरला. कोमट पाणी ओंजळीत घेऊन बोटांनी शिंपडलं, अगदी तुळशीवर शिंपडावं तितकं, जास्त नाही. वर ओलं फडकं टाकलं आणि सावलीत ठेवून दिलं.

"आता कोनी हात लावू नका. ज्याच्यात जास्त आहे तो ज्याच्यात कमी आहे त्याले देईन. टाइम द्या लागते."

"पन लगदा?" मी विचारलं.

"लगद्याले कूट. उरला आहे ना? अन् पुढच्या वेळी आलू कोरडे पाहिजे, गरम नाही. गरम आलू पानी सोडते."

पुन्हा पुन्हा ती फडक्याखाली हात घालून एकेक दाणा दाबून बघायची. ठिपका बारीक होत होत सुईच्या टोकाएवढा झाला, मग दिसेनासा झाला. दाणा दोन बोटांत पोळीसारखा चपटा झाला तेव्हा ती म्हणाली, "आता." उरलेला कूट घालून गोळा मळला. वडे पातळ थापले, मध्ये अंगठ्यानं किंचित दाबून, म्हणजे आत जाड राहून कच्चं राहत नाही. कढईत एका वेळी सहाच सोडले. जास्त टाकले की तेल एकदम थंड पडतं आणि पुन्हा दिवे तयार होतात. सोडल्यावर झारा लावला नाही. खालच्या बाजूला पापुद्रा धरेपर्यंत हात मागं. मग उलटले.

सगळे कान देऊन ऐकत होते. ह्यांनी परात अजून छातीशी धरली होती.

तेल फक्त चुरचुरत होतं. मग चुरचुर बारीक झाली, बुडबुडे कमी झाले, आणि बाईनं पहिला वडा काढून चाळणीत उभा ठेवला. आडवा नाही, एकावर एक नाही. उभा, म्हणजे असलं नसलं तेल कडेनं निथळतं. लाल, खरबरीत, दाणा न् दाणा चकाकत होता. फुटला एकही नाही.

बिरसीचे काका अजून तिथंच होते. त्यांनी दाबला. मनगट कोरडं राहिलं. त्यांनी खाल्ला, मान डोलावली, आणि म्हणाले, "वातीचे पैसे वाचले."

तेव्हा बाईचा झारा काठावर वाजला. टण टण.

दुपार टळेपर्यंत वडे जात राहिले. मधल्या एका घाण्याला बाईनं माझ्याकडं झारा धरला. "घे. माह्या हाताले जरा दम."

"मले नाही जमत."

"कोरडा टाकाले जमते, तळाले नाही जमत? घे!"

मी घेतला. दांडा गरम होता. मी पहिला वडा उलटायला घाई केली, त्याची कड तुटली, आणि मायनं खाटेवरून लगेच पाहिलं. लांबचं तिला छान दिसतं. पण तिनं मान वळवली. चटणीचा डाव चाटत बसून राहिली.

संध्याकाळी परत निघालो. पिकअपमध्ये मागं आम्ही दोघी आणि माय, मधे रिकामी कढई. बाई माझ्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होती. मधेच तिला आठवायचं आणि खांदे हलायला लागायचे. मग मलाही. माय अंधारात समोर बघत होती. सिलिंडर खडखडत होतं.

घर आलं. कुंपणावर मांजर होतंच. माय उतरली, पायऱ्या चढली, दारात थांबली आणि मागं न बघता म्हणाली,

"मोठे, त्या मांजराले वाटीभर दूध देजो. सकाळी फुकटच शिव्या देल्या मी त्याले."

हे लिहू का, असं मी बाईला विचारलं. ती म्हणाली, लिही. भात लिही. पण लोणचं लिहू नको, लोक काय म्हणतील.